वर्षभर कॉलेज थांबवायचे असेल तर: अर्ज आणि परतीचा आराखडा

आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे अभियांत्रिकीचे शिक्षण मध्येच थांबवावे लागणारी मुले बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत दरवर्षी भेटतात. त्यांतली बरीच मुले अर्ज न करताच थांबतात. वर्गात येणे बंद होते, फोन उचलला जात नाही आणि वर्षभराने वडिलांबरोबर प्राचार्यांच्या दारात उभे राहिल्यावर कळते की कॉलेजच्या दप्तरी ही रजा नव्हतीच, हजेरी कमी पडल्यामुळे सेमिस्टर बुडाल्याची नोंद होती. दोन्हींत वर्ष सारखेच जाते, पण परतीच्या वाटा मात्र वेगळ्या असतात. म्हणून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या, म्हणजे आपण सगळे ज्याला व्हीटीयू म्हणतो त्या विद्यापीठाच्या पदवीपुरता हा विषय एका उदाहरणाच्या आधारे मांडतो.

उदाहरण असे. खानापूर तालुक्यातील एका मुलाने २०२४ मध्ये बी. ई.ला प्रवेश घेतला आणि पहिले वर्ष पूर्ण केले. त्याच्या वडिलांचा उद्यमबागेत लेथ मशिनचा छोटा कारखाना आहे, चार कामगार आहेत आणि मशिनवर बँकेचे कर्ज आहे. तिसरे सेमिस्टर १ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाले असे समजू. २४ ऑक्टोबरला वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. मुलगा आदल्या दिवशी, २३ तारखेला, शेवटचा वर्गात बसला होता. आई घर आणि दवाखाना सांभाळते, धाकटी बहीण दहावीत आहे आणि कारखान्याच्या किल्ल्या मुलाच्या हातात आल्या आहेत.

रजा मागण्याआधी ती खरोखर लागणार आहे का, हे पाहावे. व्हीटीयूच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयात किमान ८५ टक्के हजेरी लागते आणि योग्य कारण असेल तर त्यात आणखी १० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, म्हणजे खालची मर्यादा ७५ टक्के राहते. एखाद्या विषयाचे सेमिस्टरमध्ये ४० तास होत असतील तर ३४ तासांची हजेरी हवी, आणि सूट मिळाली तरी ३० तास भरलेच पाहिजेत. याचा अर्थ कारण कितीही खरे असले तरी चाळिसातले दहा तास हीच चुकवण्याची शेवटची सीमा आहे. टायफॉइड किंवा कावीळ होऊन तीन आठवडे घरी राहावे लागले तर हे गणित कसेबसे जमते, आणि अशा वेळी वर्षभराची रजा मागणे म्हणजे मोच आलेल्या पायाला प्लास्टर घालण्यासारखे आहे. दवाखान्याचे कागद जोडून हजेरीत सूट मागावी आणि वर्गात परतावे. आपल्या उदाहरणातील मुलाला मात्र निदान दोन-तीन महिने कारखाना सोडता येणार नाही, त्यामुळे सूट मिळूनही तो ७५ टक्क्यांपर्यंत पोचणार नाही. त्याला रजेशिवाय दुसरा मार्ग नाही.

रजा वर्षभराचीच का असते, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. वडील चार महिन्यांत हिंडू-फिरू लागले तर मुलगा जानेवारी-फेब्रुवारीत परत का जाऊ शकत नाही? कारण तिसऱ्या सेमिस्टरचे वर्ग वर्षातून एकदाच, विषम सेमिस्टरच्या काळात, भरतात. तिसरे अर्धवट सोडले तर ते पुन्हा सुरू होईपर्यंत थांबावे लागते. म्हणून शक्य असेल तेव्हा चालू सेमिस्टर संपवून मग रजा घेणे चांगले. दुखणे किंवा घरची अडचण डिसेंबरच्या मध्यावर आली असती आणि परीक्षा तोंडावर असत्या, तर मी या मुलाला तिसऱ्या सेमिस्टरची परीक्षा देऊनच चौथ्यापासून रजा घ्यायला सांगितले असते. तेव्हाही वर्ष गेलेच असते, पण एका सेमिस्टरचे गुण पदरात पडले असते आणि भरलेली फी वाया गेली नसती. ऑक्टोबरच्या शेवटी आलेल्या संकटात मात्र ती सोय नाही.

आता मुदतीकडे येऊ. व्हीटीयूशी संलग्न असलेल्या अनेक स्वायत्त महाविद्यालयांच्या नियमावलीत तात्पुरत्या माघारीचे, म्हणजे इंग्रजीत ज्याला टेम्पररी विथड्रॉवल म्हणतात त्याचे, एक कलम असते आणि त्याची भाषा बहुतेक ठिकाणी एकसारखीच असते. दीर्घ आजार किंवा कुटुंबावरील गंभीर संकट यांसारख्या कारणांसाठी विद्यार्थ्याला तात्पुरते थांबता येते. त्यासाठी सेमिस्टर सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत किंवा तो शेवटचा वर्गात बसला त्या दिवसापासून सहा आठवड्यांच्या आत, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तोपर्यंत, पालकाच्या सहीसह आणि पुराव्यांसह अर्ज करावा लागतो. आपल्या उदाहरणात १ ऑक्टोबरपासूनचे सहा आठवडे १२ नोव्हेंबरला संपतात, पण २३ ऑक्टोबरपासून मोजले तर मुदत ४ डिसेंबरपर्यंत जाते. नंतरची तारीख धरायची असल्यामुळे या मुलाकडे ४ डिसेंबरपर्यंत वेळ आहे. पण ही तारीख सिद्ध करायची तर शेवटची हजेरी कोणत्या दिवशी लागली हे कागदावर हवे, म्हणून हजेरीचा उतारा प्रॉक्टरकडून, म्हणजे कॉलेजने नेमून दिलेल्या मार्गदर्शक शिक्षकांकडून, लगेच मागून घ्यावा. महाविद्यालय स्वायत्त नसेल तर अर्ज प्राचार्यांमार्फत मच्छे येथील विद्यापीठाच्या मुख्यालयात कुलसचिवांकडे जातो. तिथे आणखी वेळ लागतो, त्यामुळे मुदतीच्या शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

त्याच कलमात आणखी दोन अटी असतात आणि त्या नजरेतून सुटतात. पहिली अट अशी की ही सवलत संपूर्ण शिक्षणात एकदाच मिळते. दुसरी अशी की रजेचा काळ धरूनही विद्यार्थी ठरलेल्या कमाल मुदतीत पदवी पूर्ण करू शकेल, याची खात्री संस्थेला पटली पाहिजे. बी. ई.ला ही कमाल मुदत प्रवेशापासून आठ वर्षांची आहे आणि डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांसाठी ती सहा वर्षांची आहे. रजेमुळे वर्ग थांबतात, पण ही मुदत चालूच राहते. २०२४ मध्ये प्रवेश घेतलेल्या आपल्या मुलाला २०३२ पर्यंत अवधी आहे आणि रजा धरून तो २०२९ मध्ये पदवी घेईल, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही अडचण नाही. ज्याची आधीच दोन वर्षे गेली आहेत, त्याने मात्र अर्जातच वर्षांचा हिशोब मांडून दाखवला पाहिजे.

अर्जात कारण कसे मांडायचे, यावर सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबतो. नियमात आजार आणि कुटुंबावरचे संकट हे शब्द आहेत. व्यवसाय हा शब्द नाही. ‘घरचा कारखाना सांभाळायचा आहे’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला वाटते की मुलाला धंद्यात लक्ष घालायचे आहे आणि अभ्यास नको आहे. खरी गोष्ट वेगळी असते आणि ती क्रमाने सांगितली तर समजते. आधी वडिलांचा आजार, मग त्या आजारामुळे घराच्या एकमेव उत्पन्नावर आलेले संकट आणि त्यानंतर कारखाना, असा तो क्रम आहे. पुरावेही त्याच क्रमाने लावावेत. दवाखान्यात दाखल केल्याचा व घरी सोडल्याचा कागद आणि किती काळ विश्रांती व उपचार लागतील हे सांगणारे डॉक्टरांचे पत्र आधी येते. त्यामागे कारखाना वडिलांच्या नावावर असल्याचे जीएसटी किंवा उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र आणि कर्जाचा हप्ता दाखवणारा बँकेचा उतारा लावावा. हे सगळे मिळून चार-पाच पाने होतात आणि तेवढी पुरतात. गावच्या ओळखीच्या पुढाऱ्याचे शिफारसपत्र लावण्याची आपल्याकडे सवय आहे. या अर्जात त्याचा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही.

याच टप्प्यावर काही मुले स्वतःच्या नावाने खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र आणतात, कारण ‘आजारपण लगेच चालते’ असे कुणीतरी सांगितलेले असते. ते करू नये, आणि त्याचे कारण केवळ नीतीचे नाही. स्वतःच्या आजारावर रजा घेतली की परतताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र मागितले जाते, मग पहिल्या खोट्याला दुसरे जोडावे लागते. आणि हे उघड झाले तर रजाही जाते आणि शिस्तभंगाची कारवाईही होते. वडिलांचे खरे कागद हातात असताना हा धोका पत्करण्यात काहीच अर्थ नाही.

आपल्या सीमाभागात कागदांची एक खास अडचण असते. खानापूरचा रुग्ण बेळगावला दाखल होतो, निपाणीचा कोल्हापूरला, तर कुणी मिरजेला जातो, आणि कागद कधी इंग्रजीत, कधी मराठीत तर कधी कन्नडात मिळतात. महाराष्ट्रातील दवाखान्याचे कागद असण्यात गैर काही नाही, पण मजकूर मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे आणि शक्य असल्यास मूळ डॉक्टरांकडूनच इंग्रजी पत्र घ्यावे. विद्यापीठाचा कारभार इंग्रजी आणि कन्नडात चालतो, म्हणून अर्ज इंग्रजीत लिहिणे सोयीचे. पण तो थेट इंग्रजीत लिहायला बसले की मुले ‘काही कौटुंबिक कारणांमुळे’ यापलीकडे जात नाहीत. त्यामुळे आधी घरी बसून आईवडिलांसमोर मराठीत मसुदा लिहावा आणि तो पूर्ण झाल्यावरच भाषांतर करावे, असे मी सुचवतो. आपल्या मुलाचा मसुदा असा होऊ शकतो:

‘मी तिसऱ्या सेमिस्टरचा विद्यार्थी असून २३ ऑक्टोबर २०२५ रोजी शेवटचा वर्गात हजर होतो. २४ ऑक्टोबरला माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला असून डॉक्टरांनी किमान सहा महिने उपचार व विश्रांती सांगितली आहे. आमच्या घराचे उत्पन्न वडिलांच्या नावावरील कारखान्यावर अवलंबून आहे, त्यावर बँकेचे कर्ज आहे आणि तो चालवणारी दुसरी सज्ञान व्यक्ती घरात सध्या मोकळी नाही. म्हणून मला चालू सेमिस्टरपासून एक शैक्षणिक वर्ष तात्पुरती माघार घेण्याची परवानगी द्यावी आणि २०२६–२७ च्या विषम सेमिस्टरच्या सुरुवातीला तिसऱ्या सेमिस्टरमध्ये पुन्हा रुजू करून घ्यावे, ही विनंती. परतीचा आराखडा सोबत जोडला आहे.’

यात तारखा आहेत, कारण आहे, मागणी नेमकी आहे आणि कोणत्या सेमिस्टरला परतणार हे ठरलेले आहे. अर्जावर विद्यार्थी आणि पालक दोघांच्या सह्या असाव्यात. वडिलांना सही करता येत नसेल तर आईची सही आणि तसे का आहे याची एक ओळ पुरते.

परतीचा आराखडा हा या अर्जाचा खरा कणा आहे, आणि बहुतेक अर्जांत तोच नसतो. संस्थेला जाणून घ्यायचे असते की वर्षानंतर कारण संपणार आहे का. म्हणून कारखाना पुढच्या सप्टेंबरपासून कोण पाहणार हे त्यात लिहावे: मार्चपर्यंत मुलगा स्वतः, त्यानंतर वडिलांची प्रकृती पाहून ते अर्धवेळ, आणि ते शक्य नसल्यास जुन्या कामगारांपैकी एकाला सुपरवायझर नेमणे किंवा एक मशिन विकून कर्ज कमी करणे. अशी दुसरी वाट लिहिलेली असली की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. रजा स्वतःच्या आजारासाठी असेल तर याच जागी उपचाराचे टप्पे, फेरतपासणीची तारीख आणि परतण्यापूर्वी डॉक्टरांचे तंदुरुस्ती प्रमाणपत्र सादर करण्याचे आश्वासन येते.

आराखड्याचा दुसरा भाग अभ्यासक्रमाचा असतो, आणि सध्या याच ठिकाणी मोठा खड्डा आहे. व्हीटीयूचा अभ्यासक्रम ठरावीक वर्षांनी नव्या योजनेत जातो. २०१८, २०२१ आणि २०२२ च्या योजनांनंतर २०२५–२६ मध्ये पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना २०२५ ची नवी योजना लागू झाली. आपला मुलगा २०२४ चा, म्हणजे २०२२ च्या योजनेतला. तो २०२६ मध्ये परत येऊन तिसऱ्या सेमिस्टरमध्ये बसेल तेव्हा त्याच्या शेजारी २०२५ ची मुले असतील, आणि त्यांना शिकवले जाणारे विषय जुन्या योजनेतले नसतील. अशा वेळी आधी पूर्ण केलेल्या विषयांची नव्या योजनेतल्या विषयांशी बरोबरी ठरवली जाते आणि जे विषय त्याने शिकलेलेच नाहीत ते पूरक म्हणून वेगळे पूर्ण करावे लागतात. हे ओझे पेलण्यासारखे असते, पण ते ऐन सेमिस्टरमध्ये कळले तर मूल गोंधळून जाते. म्हणून आराखड्यातच लिहावे: ‘मी २०२२ च्या योजनेतील असून परतताना कोणती योजना लागू होईल आणि कोणते पूरक विषय घ्यावे लागतील हे लेखी कळवावे.’ महाविद्यालय स्वायत्त असेल तर तिथे योजना नेमकी कोणत्या वर्षी बदलली हे विभागप्रमुखांना विचारून घ्यावे. पहिल्या वर्षातला एखादा विषय राहिला असेल तर रजेच्या काळात त्याची परीक्षा देता येईल का, हेही याच पत्रात विचारावे. तोंडी ‘देता येईल की’ असे उत्तर मिळते आणि परीक्षा अर्जाच्या खिडकीवर ते कुणाला आठवत नाही.

राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी.च्या मुलांनाही हीच गोष्ट वेगळ्या रूपात भोवते. राज्याने २०२४–२५ पासून चार वर्षांची नव्या शैक्षणिक धोरणाची रचना सोडून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली, त्यामुळे त्याआधी प्रवेश घेऊन मध्ये थांबलेल्या मुलाच्या मागून येणारी तुकडी वेगळ्या रचनेतली आहे. त्यांनीही अर्जात हाच प्रश्न विचारावा.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर भरलेली फी सहसा परत मिळत नाही, आणि आधीची बाकी भरल्याशिवाय रजा मंजूर होत नाही. शिष्यवृत्ती असेल तर तिचे नियम वेगळे असतात. रजेच्या वर्षात ती मिळेल असे धरून चालू नये आणि संबंधित खात्याला आधी कळवावे. शैक्षणिक कर्ज असलेल्यांनी मात्र बँकेत जायलाच हवे. बँकांच्या आदर्श कर्ज योजनेत अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला नाही तर जास्तीत जास्त दोन वर्षांची वाढ देता येते, पण ती मागावी लागते, नाहीतर बँक जुन्या तारखेनुसार हप्ते सुरू करते. व्याज मात्र या काळातही वाढतच राहते. केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षण मध्येच सोडणाऱ्याला अनुदान मिळत नाही. अपवाद फक्त वैद्यकीय कारणाचा आहे आणि त्याचे कागद संस्थाप्रमुखांना पटावे लागतात. रजेच्या मंजुरीच्या पत्रात ‘तात्पुरती’ हा शब्द आणि कारण असणे इथे कामाला येते. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे त्या वर्षीचा एसटीचा विद्यार्थी पासही विसरावा लागतो.

एका गोष्टीबद्दल मी नेहमी बजावतो. ऑफिसात कधी कधी चांगल्या हेतूने सल्ला दिला जातो की ‘टीसी घेऊन जा, पुढच्या वर्षी परत प्रवेश घे.’ दाखला घेतला की नाव पटावरून जाते, आणि सीईटीतून मिळालेली जागाही हातून जाते. माझ्या परिचयातील एका मुलीने असाच दाखला घेतला आणि वर्षानंतर तिला परतीचा अर्ज करता आला नाही, नव्याने प्रवेश घ्यावा लागला. दाखला मागू नये, आणि कुणी देऊ केला तरी घेऊ नये.

अर्ज देताना दोन प्रती न्याव्यात, एक टपाल विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन घरी ठेवावी. तीन आठवड्यांत उत्तर आले नाही तर तो क्रमांक घेऊन पुन्हा जावे. मंजुरी लेखी येईपर्यंत रजा मिळाली असे समजू नये. प्रॉक्टर ‘बघतो’ म्हणाले, एवढ्यावर कारखान्यात जाऊन बसलेल्या मुलांचेच पुढे हजेरीअभावी सेमिस्टर बुडाल्याचे निघते.

परतीची तयारी सेमिस्टर सुरू होण्याच्या साधारण महिनाभर आधी करावी. मंजुरीचे पत्र आणि परतीचा अर्ज प्राचार्यांकडे द्यावा, योजना आणि पूरक विषयांचा खुलासा विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावा आणि मग फी भरावी. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आपला यूएसएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी क्रमांक, तिसऱ्या सेमिस्टरच्या यादीत आहे का ते स्वतः पाहावे, कारण पुष्कळदा फी भरलेली असते पण नाव जुन्या तुकडीच्या यादीत पडलेले असते, आणि ते परीक्षा अर्ज भरताना डिसेंबरमध्ये लक्षात येते. हजेरीच्या वहीत नाव कधीपासून आले, हेही तेव्हाच बघून घ्यावे. नाव दोन आठवडे उशिरा चढले तर चाळिसातले पाच-सहा तास आधीच गेलेले असतात.